रुखमाबाईची साक्ष

कामगार हापिसातल्या साहेबानं पहिलाच सवाल केला, “बाई, तुमच्याकडे पुरावा काय आहे?” अन् माहं डोकं सणकलं.

म्हटलं, “साहेब, हे बोटं पाहा. सूत घासून घासून भेगा पडल्या याले. पुरावा म्हणे!”

साहेब हसला नाही, चिडला बी नाही. बिचारा थकलेला दिसत होता. समोर फायलींचा ढीग, डोक्यावर पंखा किरकिर करून राह्यला. तो म्हणाला, “बाई, मी बोटं पाहिली. पण उद्या तुमचा मालक म्हणेल, या बाईंनी घरी भांडी घासली असतील. मग मी काय म्हणू?”

मी बोटं पदराखाली घेतली. माह्या बाजूले वच्छला बसली होती, मांडीवर लेकरू घेऊन, अन् ते तर तोंडातून शब्द काढत नव्हती. तिचं सगळं बोलणं माह्याच वाट्याले आलं होतं. तसं बी माह्या तोंडाले लगाम नाही हे आख्ख्या तांडापेठेले माहीत आहे.

ईश्वरदासच्या पावरलूमच्या शेडवर आम्ही दोघी कांड्या भरत होतो. कांडी म्हणजे मागावर इकडून तिकडं धावणाऱ्या धोट्यात घालाची सुताची नळी. मशीन फिरते, तुटला धागा जोडत राहाचा, भरली कांडी काढाची, खाली कांडी लावाची. दिवसभर उभ्यानं. हा ईश्वरदास काही परका शेठ नाही. आमच्यातलाच कोष्टी माणूस. माह्या नवऱ्याच्या बाजूच्या हातमागावर बसून लुगडे विणत होता. मंग त्यानं हातमाग विकला, दोन पुराने पावरलूम घेतले, अन् पाहता पाहता शेड झाली, वीस-पंचवीस माणसं झाली, मुनीम आला, मालकाच्या अंगावर टेरिकॉटचा शर्ट आला. मी त्याले अजूनबी ‘काय गा ईश्वरदास’ म्हणत होती. ते त्याले खपत नव्हतं, पण मी काहून बदलू?

पोळ्यापासून त्यानं आमचे पैसे थांबवले. लूमवर बसणाऱ्या गड्यांचे नाही थांबवले. गडी उठला तर कपडा थांबते. कांड्या भरणाऱ्या बाया काय, दुसऱ्या भेटतात. दर हप्त्याले म्हणे, “भागीरथाबाई, सुताचे भाव चढले. दिवाळीले एकदम घेजो.” दिवाळी झाली. म्हणे, संक्रांतीले. संक्रांतीले मी तोंड सोडलं. फाटकावर उभी राहून त्याच्या बापापासून सुरुवात केली. दुसऱ्या दिवशी दोघींले बी फाटकाच्या आत घेतलं नाही. वच्छलानं तर ‘हूं’ बी केलं नव्हतं, पण माह्यासंग उभी होती ना, तेवढाच तिचा गुन्हा.

तिले त्या पैशाची लय गरज होती. नवरा, बाबनराव, एका मिलमध्ये बदली कामगार. आठ दिवस काम, पंधरा दिवस घरी. सासू रुखमाबाई, नणंद प्रेमिला लग्नाची, अन् हे अंगावरचं लेकरू. घर वच्छलाच्या कांड्यांवर चालत होतं. पण हे गोष्ट घरात कोणी बोलत नव्हतं. ते पुढं सांगतो.

तर साहेबानं कागद काढला अन् नीट समजावून सांगतलं. कोणत्या महिन्यात किती दिवस काम, काय दरानं, मिळाले किती, राह्यले किती, हे आधी लिहून काढा. मालकाच्या हातचं किंवा मुनिमाच्या हातचं जे काही लिहिलेलं असेल, चिठ्ठी असो का चिटोरं, ते जमा करा. विम्याचं कार्ड असेल तर आणा. अन् तुम्हाले कामावर पाह्यलेली माणसं शोधा, त्यांची नावं लिहा.

“आणि हे सगळं आधी करा,” साहेब म्हणाला, “अर्ज नंतर. एकदा इथून मालकाला पत्र गेलं, की तो सावध होतो. मग चिठ्ठ्या सापडत नाहीत आणि माणसंही सापडत नाहीत. तुम्ही अजून त्याच्याशी भांडला नाहीत ना?”

मी खाली पाह्यलं. वच्छलानं पदर तोंडावर धरला. हसली असन, दुसरं काय.

माहं काम सोपं होतं. माहं नाव हजेरीत होतं, विम्याचं कार्ड होतं. अन् चिठ्ठ्या होत्या. आमच्या शेडवर असं होतं की हप्त्याच्या आखरीले मुनीम कांड्या मोजे अन् चिठ्ठी देये. पैसे भेटले की चिठ्ठी वापस द्याची. पैसेच भेटले नाहीत तर चिठ्ठ्या कोणाले देणार? सगळ्या घरीच होत्या. मी माह्या तारेत ओवून ठेवल्या होत्या. वच्छलाच्या तांदळाच्या डब्यात. मी म्हटलं, चला, झालं काम, आता ईश्वरदासचा टेरिकॉट उतरवतो.

साहेबानं त्याले बोलावलं, आम्हाले बी बोलावलं. समोरासमोर.

ईश्वरदास आला. मले हात जोडले. साहेबाले म्हणे, “साहेब, भागीरथाबाई माह्या मोठ्या वहिनीसारखी. तिचे पैसे राह्यले, मी नाही म्हणत नाही. दोन-चार महिन्यांत देऊन टाकतो. पण ही बाई,” वच्छलाकडे बोट केलं, “ही आमच्याकडे कामाले नव्हती.”

मी उभीच राह्यली. “काय बोलून राह्यला तू? देवाले भी जरा!”

“वच्छला नावाची कोणी बाई माह्या हजेरीत नाही. पंचफुला नावाची पोरगी होती. लग्न ठरलं, सोडून गेली. हिशेब चुकता केला. हे पाहा सही.” त्यानं व्हाउचर काढून टेबलावर ठेवलं.

आता हे समजून घ्या. वच्छला हे तिचं सासरचं नाव. माहेरची ते पंचफुला. लग्नाआधीपासून माह्या हाताखाली कांड्या भराले शिकली, तेव्हा शेडवर सगळे तिले पंचफुलाच म्हणत. विम्याचं कार्ड बी त्याच नावाचं. मंग लग्न झालं, रुखमाबाईनं तांदळात नाव लिहून वच्छला केलं. आमच्यात तसंच करतात. सासर बी चार गल्ल्या सोडूनच, म्हणून लग्नाच्या महिन्याभरानं पोरगी पुन्हा कामावर. अन् मी भैताड, हापिसातल्या अर्जावर घरचं नाव सांगून बसली.

अन् ते सही? ते तिनं केलीच होती. लग्नाच्या आधल्या हप्त्यात ईश्वरदासनं तिले बोलावलं, एक्कावन्न रुपये हातावर ठेवले, म्हणे आहेर आहे पोरी, इथं सही कर, मुनिमाले हिशेबात दाखवा लागते. कोण वाचते? आहेर देणाऱ्या माणसाच्या हातातला कागद वाचाचा म्हणजे त्याचा अपमान. पोरीनं पाया पडून सही केली. त्या दिवसापासून तिचं नाव हजेरीतून गेलं. हजेरीत नाव नाही म्हणजे विमा भरा लागत नाही, काहीच नाही. काम तेच, मशीन तेच, पण नाव कटलं, हे तिले आज समजलं.

ती पहिल्यांदा बोलली. “काका, तो आहेर होता ना?”

ईश्वरदासनं तिच्याकडे पाह्यलं नाही. साहेबाले म्हणे, “साहेब, हिच्या सासूलेच विचारा. रुखमाबाई आख्ख्या पेठेत सांगते, माही सून घराच्या बाहेर पाय ठेवत नाही म्हणून.”

साहेबानं वच्छलाच्या चिठ्ठ्या उलटसुलट पाह्यल्या. त्यावर कांड्यांचा आकडा होता, मुनिमाचं अक्षर होतं, पण नाव नव्हतं. तो म्हणाला, “बाई, मी दोघांना बसवून समजूत घालू शकतो. तो नाहीच म्हणतो तर निकाल मला देता येत नाही. तुम्ही पगाराच्या कायद्याखाली कोर्टात अर्ज करा. पगार द्यायच्या तारखेपासून वर्षाच्या आत करा, म्हणजे मुदत जात नाही. दोघी एकाच अर्जात चालतील.”

घरी येताना वच्छला रडली. पैशासाठी नाही. म्हणे, “मावशी, मी उभी होती ना वं तिथं? रोज उभी होती ना?” मी तिले एक केळं घेऊन दिलं.

गणपतराव युनियनचा माणूस. मिलमधून रिटायर झालेला, गोळीबार चौकाजवळ एका खोलीत बसे. कोणाचा बी अर्ज लिहून देये, कोर्टात बी उभा राहे. त्यानं पहिल्या ओळीत लिहिलं, ‘वच्छला ऊर्फ पंचफुला’. मंग म्हणाला, “हजेरीपट, पगाराचं रजिस्टर त्यालेच आणाले लावू. ते त्याले ठेवाच लागते. पण त्यात लग्नानंतर हिचं नाव निघणार नाही, हे तर तुम्हाले माहीत आहे. म्हणजे लग्नानंतर ही कामावर होती, हे आपल्याले दाखवा लागन. कोणी पाह्यलं?”

म्हटलं, “मी.”

“तू तर स्वतःच पैसे मागून राह्यली. तुही साक्ष घेतील, पण वकील म्हणन, दोघी एक झाल्या. दुसरं कोण?”

लूमवाले गडी होते. मी एकेकाच्या घरी गेली. कोणी म्हणे पोट्टे लहान आहेत, कोणी म्हणे मी माह्या लूमकडे पाहतो, बायांकडे नाही. मले राग आला, पण त्यायची रोजी बी दिसत होती. शिव्या घातल्या, चहा घेतला, वापस आली.

गणपतराव म्हणाला, “बरं. नाव नको सांगू. फक्त सांग, त्या शेडवर हिचा दिवस कसा जाये. सकाळपासून. काहीच सोडू नको.”

मी सांगत गेली. अन् सांगता सांगता ते आलं. लेकराचं. लेकरू झाल्यावर दीड महिन्यात पोरगी कामावर आली होती. दुपारी रुखमाबाई लेकरू घेऊन शेडच्या मागच्या दारी येये. वच्छला तिथं पायरीवर बसून पाजे. तेवढा वेळ तिची मशीन मी पाहत होती. दोन्ही मशीनींवर धावून धावून माहे पाय मोडत. रुखमाबाई मागच्या बोळातून येये, लेकरू लुगड्याखाली झाकून, कोणी पाहू नये म्हणून.

गणपतरावनं टेबलावर हात मारला. “भागीरथे, हाच तर पुरावा! लेकरू लग्नानंतरच झालं ना?”

“मंग काय लग्नाच्या आधी?” मी म्हटलं. म्हातारा लाजला.

पण ते पाह्यलं कोणं? मी अन् रुखमाबाईनं. गाडी फिरून रुखमाबाईपाशीच थांबली.

मी गेली तिच्या घरी. रुखमाबाई माह्यापेक्षा मोठी, बारीक, ताठ. जन्मभर नवऱ्याच्या हातमागाले कांड्या भरल्या तिनं, घरातल्या घरात, चरख्यावर. नवरा गेला, माग विकला, पण तो तोरा नाही गेला. आमच्यात हे होतंच. घरी बसून कांड्या भराच्या, हे चांगल्या घरचं काम. दुसऱ्याच्या शेडवर जाऊन तेच काम करणारी, तिच्याबद्दल लोकं तोंड वाकडं करत. मी विधवा, मले कोण काय म्हणन? पण रुखमाबाईले प्रेमिलाचं लग्न कराचं होतं. उमरेडचं स्थळ आलं होतं, चांगलं, पोरगा कोळशाच्या खाणीत पर्मनंट. त्यायनं विचारलं होतं, तुमच्या घरच्या बाया बाहेर कामाले जातात का. अन् हिनं छाती काढून सांगतलं होतं, नाही.

मी म्हटलं, “रुखमाबाई, कोर्टात येऊन खरं सांगा लागते.”

“मी काहीच पाह्यलं नाही.”

“लेकरू घेऊन येत नव्हती तू?”

“हळू बोल!” तिनं दार लावून घेतलं. “तुले काय जाते वं बोलाले? पोरगी घरात बसली माही. पंचवीसची होऊन राह्यली. एक शब्द उमरेडले गेला की संपलं.”

“अन् सुनेनं रक्त आटवलं ते?”

“सुनेचे पैसे गेले तर पुन्हा कमावता येतात. स्थळ गेलं तर येते का?”

मी लय बोलली. बोलाले नको ते बी बोलली. वच्छला चुलीपाशी बसली होती, एका शब्दानं मधात पडली नाही. बाबनराव बाहेर ओट्यावर बिडी ओढत बसला होता, आईपुढं त्याची टाप नव्हती. उठताना वच्छला मले दारापर्यंत सोडाले आली, म्हणे, “मावशी, राहू द्या. प्रेमिलाचं होऊ द्या आधी.” असा संताप आला मले त्या पोरीचा, अन् तितकीच दया बी.

कोर्टात तारखा पडत गेल्या. एकदा वकील आला नाही, एकदा ईश्वरदासनं रजिस्टर आणले नाहीत, तर जजसाहेबानं त्याले दम दिला. ऊन तापलं, निवलं. मंग आमच्या साक्षी झाल्या.

वच्छला लेकरू माह्याजवळ देऊन उभी राह्यली. अन् बोलली. ईश्वरदासच्या वकिलानं व्हाउचर पुढं केलं, “ही सही तुमची?” म्हणे, हो. “यावर हिशेब चुकता लिहिलं आहे?” म्हणे, आज माहीत झालं, तेव्हा आहेर म्हणून घेतले.

जजसाहेबानं कागद हातात घेतला. “एकूण हिशेब एक्कावन्न रुपये?”

वकील म्हणाला, “होय साहेब.”

मी मागून ओरडली, “मजुरीच्या हिशेबात वरचा एक रुपया कोण टाकते साहेब? आहेरात टाकतात!” शिपायानं मले चूप केलं. पण जजसाहेबानं काहीतरी लिहून घेतलं, ते मी पाह्यलं.

माही साक्ष झाली. लेकराचं सगळं सांगतलं. वकील म्हणाला, तुम्ही दोघी मैत्रिणी. तुम्हाला मालकाचा राग. फाटकावर शिव्या दिल्या होत्या का? म्हटलं, हो दिल्या, अजून बाकी आहेत. गणपतरावनं कपाळाले हात लावला.

मंग ईश्वरदासच्या साक्षीदारांची पाळी. पहिले मुनीम येऊन घोकलेलं बोलून गेला. त्याच्या मागून शिपायानं नाव पुकारलं. रुखमाबाई.

धुतलेलं हिरवं लुगडं नेसून आली होती. आमच्याकडे न पाहता गेली अन् उभी राह्यली. मले मागून समजलं. ईश्वरदास तिच्या घरी गेला होता, उमरेडवाले त्याच्या सासरकडचे नात्यातले निघाले. म्हणे, काकू, लग्न मी लावून देतो, तुम्ही जे गावात सांगता तेच फक्त कोर्टात सांगा. हे वच्छलाले बी माहीत नव्हतं. तिचा चेहरा असा उतरला की मले पाहवला नाही. बाबनरावनं मान खाली घातली, म्हणजे त्याले माहीत होतं.

शपथ झाली. वकिलानं विचारलं, “ही तुमची सून?”

“हो.”

“ती कुठं कामाला जाते?”

“आमच्या घरच्या बाया बाहेर कामाले जात नाहीत.” पाठ केल्यासारखं बोलली. वकील खूश होऊन बसला.

गणपतराव उठला. मले वाटलं, आता हा हिच्यावर ओरडन. तर तो असा बोलला जसा ओट्यावर बसून गप्पा मारते. “रुखमाबाई, नातू कसा आहे?”

“चांगला आहे.”

“तब्येत चांगली दिसते. बाटलीचं दूध देता का?”

“हट्! आमच्या घरी बाटली नाही. आईच्या अंगावर वाढला.”

“अन् दुपारी कुठं पाजत होती आई?”

वकील उठला, “साहेब, याचा इथं काय संबंध?” जजसाहेब म्हणाले, “बसा. उत्तर येऊ द्या.”

रुखमाबाईनं पदर सारखा केला. तिकडं बाकावर ते लेकरू वच्छलाच्या मांडीवर कुरकुर करत होतं. इतका वेळ कोर्टात बसून भुकेलं होतं बिचारं. वच्छला त्याले थोपटत होती, कोर्टात पदर कसा घ्यावा म्हणून. लेकरानं भोकाड पसरलं.

जजसाहेब म्हणाले, “आजी, शपथ घेतली आहे तुम्ही. घाबरू नका. दुपारी मूल कुठं पाजायची तुमची सून?”

रुखमाबाईनं ईश्वरदासकडे पाह्यलं. तो डोळ्यानं खुणावत होता. मंग तिनं लेकराकडे पाह्यलं.

“शेडच्या मागच्या दारी,” ती म्हणाली.

“कोणाच्या शेडच्या?”

“याच्या. ईश्वरदासच्या. मी नेत होती.”

“रोज?”

“रोज. लेकराची भूक काय सुटी घेते? पावसात नेलं, उन्हात नेलं. पदराखाली झाकून नेलं, लोकायले दिसू नये म्हणून. अन् हा,” तिनं हात लांब केला तो थेट ईश्वरदासच्या नाकापुढं, “हाच दार उघडे साहेब. म्हणे, लवकर आटप काकू, मशीन रिकामी पडली आहे. मी म्हणो, लेकराले ढेकर तर देऊ दे!”

वकील म्हणाला, “पण तुम्ही तर सगळीकडे सांगता की सून घरी असते.”

“सांगत होती. खोटं सांगत होती. पोरीचं लग्न जमवाचं होतं. आता तेबी मोडलं समजा.”

ते खाली आली, सरळ वच्छलापाशी गेली, अन् खेकसली, “काय पाहून राह्यली? घेऊन जा बाहेर त्याले, पाज!” माह्या डोळ्यातून पाणी आलं. मी त्या बाईले घरात जाऊन काय काय बोलली होती, ते सगळं गिळून टाकलं.

उमरेडवाल्यांनी पंधरा दिवसांत नाही म्हणून निरोप पाठवला. प्रेमिला दोन दिवस जेवली नाही. हे मी लपवत नाही. मले त्याचं वाईट वाटलं अन् अजून वाटते. रुखमाबाईनं कोणाले दोष दिला नाही, वच्छलाले बी नाही, पण महिनाभर घरात आवाज नव्हता.

निकाल दसऱ्याच्या आधी लागला. दोघींचे सगळे पैसे, वरून थोडी भरपाई, ईश्वरदासनं कोर्टात भरावी म्हणून हुकूम. त्यानं भरले. अपील कराले बी आधी पैसे भरा लागतात म्हणे, मंग त्याची हौस फिटली. नक्कल घेऊन गणपतराव स्वतः रुखमाबाईच्या घरी आला. आम्ही ओट्यावर बसलो. प्रेमिलानं चहा आणला, न बोलता ठेवला, पण आत न जाता उंबऱ्यातच थांबली.

गणपतरावनं वाचलं. कोर्टाची भाषा, अर्धं डोक्यावरून गेलं. पण एक ओळ त्यानं सावकाश वाचली. अर्जदार वच्छला ऊर्फ पंचफुला ही लग्नानंतरही सदर कारखान्यात कांड्या भरण्याच्या कामावर होती, हे सिद्ध झाले आहे.

वच्छलानं तोंडावर दोन्ही हात धरले. तिले पैशाचा आकडा ऐकू आला का नाही देव जाणे.

रुखमाबाई म्हणाली, “ते पुन्हा वाच गा.”

त्यानं पुन्हा वाचलं.

“कांड्या भरण्याचं काम,” ते म्हणाली. “असं लिहिलं आहे? काम म्हणून?”

“हो. काम म्हणूनच. सरकारी शिक्का आहे.”

रुखमाबाईनं आपल्या हाताकडे पाह्यलं. तिचे ते सुतानं कापलेले अंगठे मांडीवर होते, माह्यापेक्षा बी खोल भेगा. मंग तिनं विचारलं, अगदी साधं, जसं बाजारात भाव विचारावा तसं:

“गणपतराव, मी लग्न होऊन आली तवापासून मालकाच्या मागाले कांड्या भरल्या. ते गेले तिथपर्यंत. लुगडं त्यायच्या नावानं विकलं जाये, पैसे त्यायच्या हातात येत. मले कोणी कामावर होती म्हटलं नाही, मी बी नाही म्हटलं. माह्यावाला अर्ज कोणाच्या नावानं कराचा?”

गणपतराव इतके कायदे सांगणारा माणूस, तो बशीतल्या चहाकडे पाहत राह्यला. वच्छला उठली अन् सासूच्या बाजूले येऊन बसली.